पाळीव जनावर आजारी असेल तर औषधाआधी काय बघायचं आणि डॉक्टरांना काय सांगायचं

प्रश्न : माझा पेट आजारी आहे, खूप टेन्शन आलंय. घरी देता येईल असं एखादं औषध लवकर सांगा ना प्लीज. आम्ही नागपूरला राहतो.

उत्तर :

आत्ता तुमच्या औषधांच्या डब्यातली एकही गोळी देऊ नका, तोंड उघडून बळजबरीनं काही भरवू नका, आणि पुढचं वाचायच्या आधी जनावराजवळ बसून पाच मिनिटं त्याच्याकडे नीट बघा. काही खुणा अशा आहेत की त्या दिसल्या तर वाचत बसायचं नाही, उचलून सरळ दवाखाना गाठायचा. मांजर तोंड उघडं ठेवून धापा टाकत असेल, तर ती पहिली खूण. कुत्रा उन्हाळ्यात धापा टाकतो, मांजर सहसा टाकत नाही. हिरड्या पांढऱ्याफटक, निळसर किंवा चॉकलेटी दिसत असतील, झटके लागोपाठ येत असतील, किंवा हाक मारूनही जनावर डोळे फिरवत नसेल, तर थांबू नका. बोका सारखा लघवीला बसतोय, ओरडतोय आणि थेंबही येत नाही, याला लोक बद्धकोष्ठ समजतात आणि एरंडेल पाजतात. खरं म्हणजे त्याचा मूत्रमार्ग अडकलेला असतो. लघवी तुंबली की रक्तात पोटॅशियम वाढत जातं आणि एक-दोन दिवसांत हृदय बंद पडू शकतं. लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन असा मोठा कुत्रा ओकायचा प्रयत्न करतोय पण काहीच बाहेर पडत नाही आणि पोट ढोलासारखं ताठ झालंय, तर जठराला पीळ पडलेला असण्याची शक्यता असते. तिथे तुमच्या हातात काही तासच असतात.

नागपुरात सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, त्याच्या दवाखान्यात तपासणी होते. निघण्याआधी फोन करून त्या वेळी डॉक्टर आहेत का ते विचारा, आणि रात्र असेल तर घरातल्या एकानं खासगी दवाखान्यांना फोन लावत राहावं, दुसऱ्यानं जनावर गाडीत घ्यावं. मांजर टोपलीत किंवा बंद पिशवीत न्या, उघडं घेऊन स्कूटरवर बसू नका.

आणखी एक गोष्ट इथेच सांगतो, कारण ती तुमच्या जिवाची आहे. कुत्र्याचा किंवा मांजराचा जबडा लोंबतोय, लाळ गळतेय, आवाज घोगरा झालाय, पाणी गिळता येत नाही, असं दिसलं की सगळ्यांच्या मनात पहिला विचार येतो तो घशात हाड अडकल्याचा, आणि कोणीतरी हात घालून बघतं. रेबीजमध्ये जनावर नेमकं असंच दिसतं. रेबीजची लस झालेली नसेल, किंवा झाली की नाही याची खात्री नसेल, तर तोंडात हात घालू नका. लाळ जखमेला लागली असेल तर वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी स्वतःसाठी लस घ्यायला जा. रेबीजची लक्षणं सुरू झाल्यावर माणसाला वाचवणारा इलाज हाती नाही, म्हणून इथे उद्यावर ढकलायचं नाही.

वरच्यापैकी काहीच नसेल, तर आता औषधाच्या गोष्टीकडे येऊ. तुमच्या घरी कुत्रा आहे की मांजर, ससा आहे की पक्षी, हे कळल्याशिवाय औषधाचं नाव सांगणं धोक्याचं का आहे, हे एका गोळीवरून लक्षात येईल. ताप आला की आपण पॅरासिटामॉल घेतो, लहान मुलांनाही देतो, म्हणून ते सगळ्यात निरुपद्रवी औषध वाटतं. मांजराच्या यकृतात ही गोळी मोडून बाहेर टाकणारी एक यंत्रणा फारच कमजोर असते. त्यामुळे पॅरासिटामॉलचं रूपांतर एका विषारी पदार्थात होत जातं आणि तो तांबड्या पेशींवर हल्ला करतो. रक्त अंगात फिरत राहतं, पण प्राणवायू वाहून नेत नाही. काही तासांत हिरड्या चॉकलेटी होतात, चेहरा आणि पंजे सुजतात, श्वास वाढतो. हिशेब करून बघा. ५०० मिलिग्रॅमची गोळी आणि चार किलोचं मांजर, म्हणजे किलोमागे १२५ मिलिग्रॅम. एवढ्यात मांजर दगावतं, आणि अर्धी गोळीही सुरक्षित नाही. गोळी आधीच दिली गेली असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका. त्यावर एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन नावाचा उतारा आहे, आणि तो जितक्या लवकर मिळेल तितका उपयोगी पडतो. ‘काही दिलं नाही’ असं सांगितलं की तो उतारा द्यायची वेळ निघून जाते.

कुत्र्याच्या बाबतीत जास्त त्रास होतो तो अंगदुखीच्या गोळ्यांनी, म्हणजे आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक आणि त्यांच्या मिश्र गोळ्यांनी. त्यानं जठरात व्रण पडतात, काळी डांबरासारखी शी होते आणि किडनीला इजा होते. कुत्रा आधीच उलट्या-जुलाबांनी कोरडा पडला असेल तर ही इजा लवकर आणि जास्त होते. सशाची गोष्ट वेगळीच. माणसांना आणि कुत्र्यांना सर्रास दिलं जाणारं अ‍ॅमॉक्सिसिलिन सशाला तोंडावाटे दिलं, तर त्याच्या आतड्यातले चांगले जिवाणू मरतात, वाईट वाढतात आणि जुलाबानं ससा जातो. ससा बारा तास खात नाही आणि लेंड्याही टाकत नाही, तर ती तातडीची वेळ समजा. कुत्रा एक दिवस जेवला नाही म्हणून इतकं घाबरायचं कारण नसतं, सशात मात्र असतं. मांजर या दोघांच्या मध्ये येतं. दोन-तीन दिवस पूर्ण उपाशी राहिलं, त्यातही जाडजूड मांजर असेल, तर यकृतात चरबी साठून नवाच आजार उभा राहतो. आणि कुत्र्याच्या मानेवर टाकायचे गोचिडाचे काही थेंब, ज्यांत परमेथ्रिन असतं, ते मांजराला लावले की अंग थरथरायला लागतं आणि झटके येतात. घरात दोन्ही असतील तर कुत्र्याला लावल्यावर ते पूर्ण वाळेपर्यंत मांजराला त्याच्याजवळ झोपू देऊ नका.

वय कळलं की डॉक्टरांच्या मनातली यादी एकदम बदलते. दोन-चार महिन्यांचं कुत्र्याचं पिल्लू, लसी अर्धवट, उलट्या आणि घाण वासाची रक्तमिश्रित पातळ शी, असं ऐकलं की सगळ्यात आधी पार्व्हो हा आतड्यांचा विषाणूजन्य आजार डोक्यात येतो. त्यात घरी दही-भात देऊन वाट बघायची नसते. सलाईन, उलटी थांबवणारं इंजेक्शन आणि पांढऱ्या पेशींची तपासणी त्याच दिवशी लागते. ‘एक लस झाली आहे’ याचा अर्थ संरक्षण मिळालं असा घेऊ नका. आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती लसीला निष्प्रभ करते, म्हणूनच सहा-आठ आठवड्यांपासून सुरू करून सोळा आठवड्यांचं होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी लस परत द्यावी लागते. चिमुकल्या जातीचं पिल्लू असेल तर काही तास उपाशी राहिलं तरी साखर उतरते आणि ते लडखडायला लागतं. तेव्हा हिरड्यांवर मध किंवा साखरेचं पाणी चोळा, घशात ओतू नका.

दुसऱ्या टोकाला सात-आठ वर्षांची, ऑपरेशन न झालेली कुत्री घ्या. ती जेवत नाही, सारखं पाणी पिते, खूप लघवी करते. घरच्यांना उन्हाळा आहे म्हणून पाणी पिते असं वाटतं. इथे विचारायचा प्रश्न एकच असतो, शेवटची माजावर कधी आली होती? महिना-दीड महिना झाला असेल तर गर्भाशयात पू साठलेला असू शकतो. बाहेरून स्राव दिसला तर निदान सोपं जातं, पण तोंड बंद असलेल्या गर्भाशयात काहीच बाहेर येत नाही आणि तेच जास्त धोक्याचं. सोनोग्राफीनं कळतं आणि उपाय बहुतेक वेळा ऑपरेशनचाच असतो. म्हणून नर की मादी, नसबंदी झाली आहे का, हे वयाच्या बरोबरीनं सांगायचं.

आता जनावराला तपासायचं कसं ते बघू, कारण ‘सुस्त आहे’ एवढ्यावर कोणालाच काही ठरवता येत नाही. नाक कोरडं आहे की ओलं, यावरून ताप कळत नाही. झोपेतून उठलेल्या निरोगी कुत्र्याचंही नाक कोरडं असतं. कान गरम लागले, हेही नागपूरच्या मे महिन्यात काही सांगत नाही. पंधरा-वीस मिनिटं कूलरसमोर शांत बसवा आणि मग साधा डिजिटल थर्मामीटर वापरा. टोकाला व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल लावा. एकानं मान आणि छाती धरायची, दुसऱ्यानं शेपटी मुळाशी उचलून थर्मामीटर गुदद्वारातून साधारण दोन सेंटीमीटर आत घालायचा आणि किंचित कडेला टेकवायचा. शीमध्ये रुतला तर आकडा कमी येतो. बीप होईपर्यंत धरून ठेवा. हा थर्मामीटर यापुढे जनावराचाच. कुत्र्या-मांजरांचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरेनहाइट असतं, म्हणजे माणसाचा ताप तो त्यांचा रोजचा आकडा. १०३ च्या वर आकडा दोनदा आला तर ताप समजा. ९९ च्या खाली आला तर तेही वाईट लक्षण आहे, आणि त्याकडे लोक दुर्लक्ष करतात. चावायला येत असेल तर हा प्रयोग सोडा, आकडा दवाखान्यात कळेल.

हिरड्या बघायला वरचा ओठ सुळ्याच्या बाजूनं हळूच उचला. गुलाबी भागावर बोटानं दाबा, तो पांढरा होईल, सोडल्यावर दोन सेकंदांत परत गुलाबी व्हायला हवा. आपल्याकडच्या बऱ्याच देशी कुत्र्यांच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात. त्यांच्यात रंग कळत नाही म्हणून ‘हिरड्या काळ्या पडल्या’ असा घाबरून फोन येतो. अशा वेळी खालची पापणी अंगठ्यानं ओढून आतला रंग बघा. हे सगळं दिवसाच्या उजेडात करा, पिवळ्या बल्बखाली कावीळ लपते. श्वास मोजायचा तो झोपेत किंवा अगदी शांत पडलेला असताना. छाती वर आणि खाली मिळून एक, असं तीस सेकंद मोजून दुप्पट करा. ३० च्या आत असेल तर ठीक. झोपेतही पुन्हा पुन्हा ४० च्या वर जात असेल तर त्याच दिवशी दाखवा.

खाण्याबद्दल विचारलं की उत्तर येतं ‘नेहमीचंच’. पण नेहमीचं म्हणजे काय? रविवारी सावजीचं मटण आणलं, उरलेला रस्सा आणि हाडं कुत्र्याला घातली, हे घरच्यांना सांगण्यासारखं वाटतच नाही. त्या रश्श्यात कांदा-लसूण भरपूर असतो आणि तेलाचा तवंग असतो. तेलामुळे एक-दोन दिवसांत स्वादुपिंडाला सूज येऊन उलट्या आणि पोटदुखी होऊ शकते. कांद्याचा परिणाम मात्र उशिरा दिसतो. तो तांबड्या पेशी फोडतो, आणि लघवी गडद होणं, हिरड्या फिकट पडणं हे तीन ते पाच दिवसांनी लक्षात येतं. तोवर रविवारचं मटण सगळे विसरलेले असतात. कांदा शिजला, तळला, पावडर झाली तरी त्याचा विषारीपणा जात नाही. मांजराला तर कुत्र्यापेक्षा खूप कमी कांदा पुरतो. म्हणून गेल्या पाच-सहा दिवसांत काय काय तोंडात गेलं ते आठवा. मनुका, चॉकलेट, शुगरफ्री च्युइंगगम हेही त्यात धरा.

उंदराच्या औषधाचंही असंच. काही औषधं रक्त गोठू देत नाहीत, पण खाल्ल्यावर पहिले दोन-तीन दिवस जनावर अगदी मजेत असतं आणि मग नाकातून, शीतून किंवा छातीत रक्तस्राव होतो. यावर व्हिटॅमिन के-१ हा उपाय आहे आणि लक्षणं दिसण्याआधी सुरू केला तर जनावर वाचतं. झिंक फॉस्फाइडचं काळपट औषध मात्र काही तासांतच मारू शकतं आणि त्याला असा उतारा नाही. दोघांचे उपचार पूर्ण वेगळे असल्यामुळे पाकीट, निदान त्याचा फोटो, सोबत न्या. दूध किंवा तेल पाजू नका. मिठाचं पाणी पाजून ओकवायचा प्रयत्न तर करूच नका. मीठ अंगात चढून त्यानंच मेंदूला इजा होते. उलटी करवायची की नाही हे डॉक्टर ठरवतील. गुंगीत असलेल्या किंवा अ‍ॅसिड-रॉकेल प्यायलेल्या जनावराला ओकवलं तर जास्त नुकसान होतं.

ही सगळी माहिती एकत्र आल्यावर निदान कसं बदलत जातं, ते एका उदाहरणावरून बघा. समजा पहिला निरोप एवढाच आहे : ‘कुत्रा दोन दिवसांपासून खात नाही.’ महिना मे, बाहेर पंचेचाळीस अंश. या एका वाक्यावर ऊन लागणं, पार्व्हो, विषबाधा, हाड अडकणं, साधं अपचन, सगळंच शक्य आहे. मग एकेक गोष्ट विचारायची. लॅब्राडोर, नर, चार वर्षं, वजन २८ किलो, सगळ्या लसी वेळेवर. इथेच पार्व्होची शक्यता बरीच मागे पडते. उलटी नाही, जुलाब नाही, शी झाली पण कमी. घरात उंदराचं औषध नाही, बाहेरचं काही खाल्लेलं नाही. फिरायला सकाळी सहाला नेतात, दुपारी कूलरसमोर असतो. म्हणजे ऊन लागलं असण्याचं कारण दिसत नाही. तापमान १०४.४. हिरड्या फिकट.

ऊन लागणं आणि ताप यांतला फरक इथे समजून घ्या, कारण नागपुरात त्याचा गोंधळ नेहमी होतो. उन्हानं अंग तापलेला कुत्रा जोरजोरात धापा टाकतो, लाळ गाळतो, तोल जातो, तापमान १०५-१०६ च्या पुढे असतं आणि त्याआधी बंद गाडी, भर दुपारचं फिरणं किंवा वीज गेलेली गच्चीवरची खोली असं काहीतरी घडलेलं असतं. त्याला लगेच साध्या नळाच्या पाण्यानं भिजवून पंख्यासमोर ठेवायचं, १०३.५ ला भिजवणं थांबवायचं आणि दवाखान्यात न्यायचं. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, तो थोड्याच वेळात गरम होऊन उष्णता अडकवतो. संसर्गाच्या तापात मात्र शरीरानं स्वतःच तापमान वर नेलेलं असतं. तिथे बर्फाच्या पाण्यानं आंघोळ घालून कुत्रा नुसता कुडकुडतो. आपल्या उदाहरणातला कुत्रा पडून आहे, धापा टाकत नाही आणि ताप १०४.४ आहे, म्हणून हा दुसऱ्या प्रकारातला.

पुढचा प्रश्न गोचिडांचा. उत्तर येतं, ‘एकही नाही, आम्ही रोज बघतो.’ मग विचारायचं की गेल्या तीन आठवड्यांत कुत्रा कुठे राहिला होता का. होय, लग्नासाठी बाहेरगावी गेलो होतो तेव्हा चार दिवस दुसरीकडे ठेवला होता, त्याला वीसेक दिवस झाले. हे उत्तर सगळ्यात मोलाचं. एर्लिचिया नावाचा जंतू तपकिरी गोचिडाच्या चाव्यातून शिरतो आणि लक्षणं दिसायला साधारण आठ ते वीस दिवस लागतात. तोवर चावलेली गोचीड रक्त पिऊन गळून गेलेली असते. त्यामुळे आज अंगावर गोचीड नाही, याचा अर्थ गोचिडाचा ताप नाही असा होत नाही. आता कुत्र्याला उताणा करून पोटाची आणि मांडीच्या आतली केस नसलेली कातडी बघायला सांगायचं. टाचणीच्या टोकाएवढे लाल-जांभळे ठिपके आहेत. बोटानं दाबल्यावर ते फिके पडत नाहीत. पुरळ असतं तर फिकं पडलं असतं. हे कातडीखाली झालेले बारीक रक्तस्राव आहेत, म्हणजे प्लेटलेट कमी झाल्या आहेत.

आता मघाशी सांगितलेली गोळीची गोष्ट इथे आठवा. या कुत्र्याला तापावर घरातली अंगदुखीची गोळी दिली असती, तर आधीच कमी असलेल्या प्लेटलेटना नीट काम करता आलं नसतं आणि जठरात व्रण पडून आतल्या आत रक्त गेलं असतं. ताप मात्र काही तास उतरला असता आणि घरच्यांना बरं वाटलं असतं.

दवाखान्यात रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ९, कुत्र्याला साधारण १२ ते १८ असायला हवं. प्लेटलेट ४८ हजार, त्या दोन लाखांच्या आसपास किंवा वर हव्यात. कानाच्या टोकातून रक्ताचा थेंब घेऊन काचेवर पसरवलेला नमुना सूक्ष्मदर्शकाखाली बघितला. तो का बघायचा? बॅबेसिया हा दुसरा जंतूही त्याच गोचिडातून येतो आणि दोन्ही एकाच कुत्र्यात सापडू शकतात. लघवी कॉफीच्या रंगाची झाली, कावीळ दिसली, तर बॅबेसियाचा संशय वाढतो, आणि त्याला औषध वेगळं लागतं. म्हणून एर्लिचियावर दिलं जाणारं डॉक्सीसायक्लिन दुकानातून आणून स्वतःच सुरू करू नका. झटपट होणारी किटची तपासणी उपयोगी आहे, पण ती शरीरानं जंतूविरुद्ध तयार केलेली प्रतिद्रव्यं दाखवते. आजार नवा असेल तर ती निगेटिव्ह येऊ शकते आणि पूर्वी होऊन गेला असेल तर महिनोन्‌महिने पॉझिटिव्ह राहते. किटपेक्षा कुत्रा, ठिपके आणि प्लेटलेट एकत्र काय सांगतात, हे महत्त्वाचं.

या कुत्र्याच्या नमुन्यात बॅबेसिया दिसला नाही, म्हणून डॉक्टरांनी डॉक्सीसायक्लिन दिवसाला किलोमागे १० मिलिग्रॅम, म्हणजे २८० मिलिग्रॅमच्या आसपास, २८ दिवसांसाठी लिहून दिलं. नव्या आजारात एक ते तीन दिवसांत ताप उतरतो आणि कुत्रा खायला लागतो. खरी चूक इथे घडते. पाचव्या दिवशी कुत्रा बागेत उड्या मारतोय म्हटल्यावर गोळ्या बंद होतात. जंतू कमी झालेले असतात, संपलेले नसतात. काही जनावरांत ते मग प्लीहा आणि अस्थिमज्जेत दडून राहतात आणि काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी, सगळ्याच पेशी कमी होतात. त्या अवस्थेतून जनावर परत आणणं फार अवघड. गोळी उपाशीपोटी देऊ नका, जेवणाबरोबर द्या आणि वरून पाणी पाजा. कोरडी गोळी अन्ननलिकेत अडकली की तिथे जखम करते, मांजरात तर हा धोका जास्त. दुधाबरोबर देऊ नका, कॅल्शियममुळे औषध कमी शोषलं जातं. तिसऱ्या-चौथ्या दिवशीही ताप उतरला नाही तर परत दाखवा, कारण मग सोबत दुसरं काहीतरी आहे. प्लेटलेट परत कधी तपासायच्या ती तारीख आधीच विचारून घ्या.

आणि घर? तपकिरी गोचीड आयुष्यातला बहुतेक काळ कुत्र्याच्या अंगावर नसते. मादी रक्त पिऊन फुगली की खाली उतरते, भिंतीवर चढते आणि फटीत हजारोंनी अंडी घालते. कूलरचा स्टँड, दाराच्या चौकटी, कुत्र्याच्या गादीची शिवण, पायऱ्यांचे कोपरे, इथे बघा. अंगावरची गोचीड चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा, बोटांनी चिरडू नका. रॉकेल, फिनेल कुत्र्याला लावू नका, तो चाटतो. डॉक्टर वजनानुसार गोचिडांवरची चघळायची गोळी देतील, ती ठरलेल्या अंतरानं वर्षभर द्या. नागपूरच्या हवेत गोचीड हिवाळ्यातही पूर्ण जात नाही.

डॉक्टर भेटेपर्यंत घरी काय करायचं, तर जागा थंड ठेवा, स्वच्छ पाणी जवळ ठेवा पण घशात ओतू नका, ते फुफ्फुसात जातं. मोठ्या, एरवी धडधाकट कुत्र्याला एक-दोनच उलट्या झाल्या असतील आणि तो ताजातवाना असेल तर सहा-आठ तास जेवण थांबवून नंतर कमी मीठ, बिनमसाल्याचा, मऊ भात आणि उकडलेलं चिकन, कांदा-लसूण-हाडाशिवाय, थोडं थोडं देता येतं. पिल्लू, मांजर, ससा आणि मधुमेही जनावर यांना असं उपाशी ठेवू नका.

आता तुमच्याकडून मला असा निरोप हवा आहे : ‘मांजर, मादी, अडीच वर्षं, नसबंदी झालेली, वजन साडेतीन किलो, लस मागच्या वर्षी. परवा रात्रीपासून जेवली नाही, पाणी थोडं पिते. काल तीन उलट्या, पिवळा फेस. शी कालपासून नाही, लघवी आज सकाळी झाली. तापमान १०३.२, हिरड्या गुलाबी, झोपेत श्वास २८. परवा शिवणकामाचा दोरा घेऊन खेळत होती. घरचं कुठलंही औषध दिलेलं नाही.’ यातलं दोऱ्याचं वाक्य वाचल्याबरोबर उत्तर ठरतं. उलटी थांबवायचं औषध न देता आधी जिभेखाली दोरा अडकलाय का ते डॉक्टरांनी बघायचं आणि एक्स-रे किंवा सोनोग्राफी करायची. दोरा तोंडातून किंवा मागून बाहेर लोंबताना दिसला तरी ओढायचा नाही, आतडं चिरतं.

तुमचा निरोप याच क्रमानं लिहा. एखादी गोष्ट बघता आली नसेल तर तसं लिहा, अंदाजे आकडा देऊ नका. हिरडीचा एक फोटो दिवसाच्या उजेडातला, श्वासाचा किंवा चालण्याचा तीस सेकंदांचा व्हिडिओ, आणि उलटी किंवा शी झाली असेल तर ती स्वच्छ, कोरड्या डबीत घेऊन दवाखान्यात न्या. शी शक्यतो काही तासांतली असावी, आणि ती फ्रिजमध्ये ठेवली असेल तर डबीवर वेळ लिहा.